no-reply ला पाठवलेला रिप्लाय जातो कुठे, आणि मग माणसापर्यंत पोचायचं कसं

मागच्या वर्षी मी ऑनलाइन मागवलेला मिक्सर परत केला. कुरिअरवाला येऊन घेऊन गेला आणि दोन दिवसांनी मेल आला, "तुमचा पिकअप झाला नाही, रिटर्न रद्द केला आहे." मी लगेच त्याच मेलला रिप्लाय केला, पावतीचा फोटो जोडला, मग दोन दिवसांनी परत एक, मग अजून एक, आणि असे नऊ दिवस गेले तरी कुणाचं काहीच उत्तर नाही. मग पत्ता नीट बघितला तर no-reply@ ने सुरू होणारा.

अशा पत्त्यावरून मेल पाठवतो तो कंपनीचा सॉफ्टवेअर, माणूस नाही. ऑर्डर रद्द झाली की सिस्टीम आपोआप मेल टाकते, आणि मेल पाठवायला त्या नावाची इनबॉक्स असावीच लागते असं काही नाही. म्हणून तुमच्या रिप्लायचं दोनपैकी एक होतं. इनबॉक्सच नसेल तर बहुतेक वेळा थोड्या वेळात Mailer-Daemon या नावाने मेल सिस्टीमकडून मेल परत येतो, त्यात 550 5.1.1 असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे असा पत्ता अस्तित्वात नाही. हे तरी बरं, कळतं तरी. पण कधीकधी पत्ता असतो आणि तिथे आलेलं सगळं न वाचता उडवलं जातं, तेव्हा मेल बाउन्स होत नाही आणि आपण समजतो की पोचला. माझं हेच झालं.

आता काय करायचं ते सांगते. आधी रिप्लायचं बटण दाबा, पण काही लिहायच्या आधी To मध्ये कुठला पत्ता आला तो बघा. मेलमध्ये Reply-To नावाची एक लपलेली ओळ असू शकते, पाठवणाऱ्याने ती भरली असेल तर तुमचा रिप्लाय From च्या पत्त्यावर न जाता तिकडे जातो. म्हणजे वर no-reply दिसत असलं तरी To मध्ये support@ किंवा care@ असं काही आलं तर बिनधास्त लिहा. तिथेही no-reply च आला तर लिहू नका, वेळ वाया जाईल.

मग मेलच्या अगदी तळाशी जा, बारीक अक्षरात मदतीची लिंक किंवा पत्ता बऱ्याचदा असतो. पण मेल खरा आहे का याची जरा जरी शंका असेल तर त्यातल्या लिंकवर क्लिक न करता ॲप उघडा किंवा साईटचा पत्ता स्वतः टाईप करा. आणि कृपया कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका, फसवणारे लोक तिथे खोटे नंबर टाकून बसलेले असतात आणि रिफंडच्या नावाखाली ओटीपी मागतात.

ॲपमधल्या चॅटनेही काम झालं नाही तर साईटवर तक्रार निवारण अधिकारी, म्हणजे Grievance Officer शोधा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे भारतात ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीला हा अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साईटवर द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. नाव बहुतेक वेळा पानाच्या तळाशी संपर्काच्या किंवा अटींच्या पानात असतं, पटकन सापडत नाही, धीर धरा.

या अधिकाऱ्याला मेल लिहिताना विषयातच ऑर्डर नंबर टाका. मी असं लिहिलं: अमुक नंबरची ऑर्डर, अमुक तारखेला मिक्सर कुरिअरवाल्याने नेला, पावती जोडली आहे, तरी रिटर्न रद्द झाला, 3,200 रुपये परत हवेत. एवढंच. सोबत तो no-reply चा मेल फॉरवर्ड न करता त्याचा स्क्रीनशॉट जोडला. राग कितीही आला तरी तो मेलात नको, वाचणाऱ्याला तारीख आणि नंबर लागतो. कार्डचा नंबर, ओटीपी, पासवर्ड कुठल्याच मेलात लिहायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रार नंबर आला, तो जपून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. महिन्यात निकाल नाही लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करायचा आणि तोच तक्रार नंबर सांगायचा. माझा पाचव्या दिवशी रिफंड आला. पण ते आधीचे नऊ दिवस मला खरंच महागात पडले, कारण रिटर्नची मुदत तेवढ्यात संपून गेली होती, आणि त्या पत्त्यावर पाठवलेले माझे मेल तक्रार म्हणून कुणी धरलेच नव्हते. शेवटी पैसे मिळाले ते पावतीवरच्या तारखेमुळे.