काळ्या पेनांची शाई एकच की वेगळी? कागदावरच्या शाईची टीएलसी कशी करावी

फिल्टर पेपरवर स्केच पेनचा ठिपका द्यायचा, खालचं टोक पाण्यात बुडवायचं आणि रंग वर चढताना बघायचे, हा शाळेच्या प्रदर्शनातला प्रयोग. तोच बॉलपेनला लावून बघा असा सल्ला सर्रास दिला जातो. बॉलपेनची शाई पाण्यात विरघळतच नाही, त्यामुळे ठिपका जागचा हलत नाही आणि लोक ‘सगळ्या शाया सारख्याच निघाल्या’ असं लिहून मोकळे होतात. दुसरा सल्ला टीएलसीचा, म्हणजे थिन लेअर क्रोमॅटोग्राफीचा. तिच्यात कागदाऐवजी सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर रंग सुटे करतात. तो सल्ला याहून वाईट: पेननेच थेट प्लेटवर ठिपका द्या. पेनचं टोक सिलिकाचा थर खरवडतं, ठिपक्यात गरजेच्या कितीतरी पट शाई पडते, आणि मुळात आपल्याला जी शाई ओळखायची आहे ती कागदावर वाळलेली असते. तिची तुलना कागदावरच वाळलेल्या शाईशी व्हायला हवी.

सरावासाठी एक पावती घ्या. एकाने ‘३५००’ लिहायचं, नंतर दुसऱ्याच पेनने पुढे ‘१’ जोडून ते ‘१३५००’ करायचं, आणि कोणती पेनं वापरली ते तुम्हाला सांगायचं नाही. समोर चार काळी पेनं: अ, ब, क ही बॉलपेनं आणि ड हे जेलपेन. प्रश्न असा, की तो ‘१’ यातल्या कोणत्या पेनशी जुळतो?

सामान

सिलिका जेलचा थर दिलेली ॲल्युमिनियमची टीएलसी प्लेट, १० बाय १० सेंटीमीटर. प्लेट मावेल इतकी रुंद, झाकणाची काचेची बरणी. इथाइल ॲसिटेट, इथेनॉल, डिस्टिल्ड पाणी. चिमटा, नवी ब्लेड, काचेच्या छोट्या कुप्या, बारीक काचेच्या कॅपिलरी, पेन्सिल. नेलपॉलिश रिमूव्हर हे इथाइल ॲसिटेट नव्हे. त्यात रंग, तेल आणि आणखी काहीबाही असतं. प्रयोगशाळांत बॉलपेनची शाई पिरिडिनने काढतात, पण त्याचा वास आणि विषारीपणा पाहता घरी ते आणूच नका. सरावाला इथेनॉल पुरतं. ही सगळी द्रावकं पेट घेणारी आहेत, म्हणून गॅसजवळ काम नको आणि खिडकी उघडी हवी.

अ, ब, क, ड या पेनांनी त्याच पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानावर रेघा ओढा आणि निदान एक रात्र वाळू द्या.

शाई कागदातून काढणे

‘१’ हा आकडा लिहायला जेमतेम एक सेंटीमीटर रेघ लागते. ब्लेडने त्या रेघेचे मिलिमीटरभराचे दहा तुकडे करा, शाईबाहेरचा कागद जमेल तितका टाळा. मूळ ‘३५००’ मधून आणि प्रत्येक पेनच्या रेघेतूनही तेवढेच, तितक्याच लांबीचे तुकडे घ्या. ‘पेन हाताशी आहे, मग भरपूर शाई घेऊ’ हा मोह इथेच आवरायचा. सातवी कुपी कोऱ्या कागदाच्या तुकड्यांची. कागदातले उजळ करणारे पदार्थ अतिनील दिव्याखाली निळे चमकतात आणि काही वेळा शाईचा भाग समजले जातात, म्हणून ती लागते.

प्रत्येक कुपीत इथेनॉलचा एक थेंब. एकच. दोन-तीन टाकले की शाई इतकी पातळ होते की पुढे ठिपका भरता भरता जीव जातो. झाकण लावा आणि सगळ्या कुप्यांना सारखा वेळ द्या. मी पंधरा मिनिटं ठेवतो. शाईतले सगळे रंग एकाच वेगाने सुटत नाहीत, जांभळा भराभर येतो आणि बाकीचे रेंगाळतात. एक कुपी दोन मिनिटांत उचलली आणि दुसरी विसाव्या मिनिटाला, तर एकाच पेनच्या दोन रेघा वेगळ्या दिसू शकतात. जुनी, मुरलेली शाई तर आणखी सावकाश सुटते.

याच टप्प्यावर जेलपेन वेगळं पडतं. ड च्या कुपीतलं इथेनॉल जवळजवळ स्वच्छ राहतं आणि कागदाचे तुकडे काळेच्या काळे. पुष्कळ काळ्या जेलपेनांत रंगद्रव्य म्हणून कार्बन असतो, आणि तो कशातच विरघळत नाही. ‘१’ चे तुकडे फिके पडले आणि ड चे पडले नाहीत, तर ड बाद. मात्र दोन्ही काळे राहिले असते तर ही पद्धत तिथेच संपली असती. दोन कार्बनच्या शायांत टीएलसी फरक करू शकत नाही.

ठिपके देणे

सगळं काम इथे बनतं किंवा बिघडतं. पुस्तकांत ‘कॅपिलरीने ठिपका द्यावा’ एवढं एकच वाक्य असतं, आणि मला सर्वांत जास्त छळलं ते याच वाक्याने.

खालच्या कडेपासून दीड सेंटीमीटरवर पेन्सिलने अगदी हलकी रेघ ओढा. तिच्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर सोडून, एकेक सेंटीमीटरवर सात खुणा करा. क्रम असा लावा: अ, मूळ ‘३५००’, ब, ‘१’, क, कोरा कागद. सातवी जागा सध्या रिकामी ठेवा. प्रश्नातला नमुना ज्यांच्याशी जुळण्याची शक्यता आहे त्यांच्या मधोमध हवा. कडेला द्रावक कमी-जास्त वेगाने चढतं, त्यामुळे टोकाच्या ठिपक्याशी केलेली तुलना फसवी ठरते.

कॅपिलरी प्लेटला फक्त टेकवायची आणि लगेच उचलायची. दाबलीत तर थराला भोक पडतं आणि तिथून वर रंग वाकडा चढतो. एका स्पर्शाचा ठिपका दोन मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. तो पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा स्पर्श नाही. ओल्यावर ओलं दिलं की ठिपका पसरून कडं तयार होतं, आणि मग वर पट्ट्यांऐवजी चंद्रकोरी दिसतात. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर, तोही द्रावकाच्या बरणीपासून लांब. प्रत्येक नमुन्याला नवी कॅपिलरी. धुऊन परत वापरता येते असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता मुख्य गोष्ट: किती स्पर्श? ‘सगळ्यांना पाच-पाच’ हे उत्तर चूक आहे. एक पेन शाई जास्त सोडतं, एक कमी, आणि हाताचा दाबही वेगळा असतो. मोजायचे ते स्पर्श नव्हेत, वाळलेल्या ठिपक्याचा गडदपणा. प्लेट दिवसाच्या उजेडात डोळ्यांसमोर धरा आणि सगळे ठिपके सारखे काळपट दिसेपर्यंत कमकुवतांना आणखी स्पर्श द्या. कोऱ्या कागदाला मात्र सर्वांत जास्त स्पर्श मिळालेल्या नमुन्याइतके द्या.

शाई जास्त झाली तर पट्ट्यांना शेपट्या फुटतात आणि शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींत मिसळतात. कमी पडली तर शाईतला सर्वांत फिका घटक दिसतच नाही, आणि बहुतेकदा तो पिवळा असतो. म्हणजे शाई तीच, पण तुम्ही ‘हिच्यात पिवळा नाही’ म्हणून ती वेगळी ठरवता. म्हणून ती रिकामी सातवी जागा ‘१’ ला पुन्हा द्या, यावेळी दुप्पट गडद. कुपीतलं इथेनॉल संपत आलं असेल तर तिथलं झाकण आधीच नीट लावायला हवं होतं.

प्लेट चालवणे

इथाइल ॲसिटेट २८ मिली, इथेनॉल १४ मिली, पाणी १२ मिली. बरणीत ओता, आतून फिल्टर पेपर लावा, झाकण बंद करून दहा मिनिटं थांबा. द्रावकाची पातळी पेन्सिलच्या रेघेखाली असल्याची खात्री करून प्लेट सरळ उभी करा आणि मग बरणीला हात लावू नका. द्रावक वरच्या कडेपासून एक सेंटीमीटरवर आलं की काढा, तिथे पेन्सिलने खूण करा, वाळवा, लगेच फोटो काढा.

वाचणे

काळ्या बॉलपेनच्या शाईत काळा रंग क्वचितच एकटा असतो. जांभळ्याच्या दोन-तीन पट्ट्या, कधी निळा, कधी गुलाबी, कधी पिवळा असं त्याचं मिश्रण असतं. गुलाबी ऱ्होडामाइन अतिनील टॉर्चखाली नारिंगी चमकतो. नोटा तपासायची टॉर्चही चालते. पिवळा बघायला दिवसाचा उजेडच हवा, पिवळ्या बल्बखाली तो हमखास निसटतो.

रंग, जागा आणि गडदपणा या तिन्ही गोष्टी बघा. जागा मोजायची ती प्रमाणात: पेन्सिलच्या रेघेपासून द्रावक ७५ मिलिमीटर चढलं आणि पट्टीचा मध्य ३९ वर असेल, तर ३९ भागिले ७५, म्हणजे ०.५२. पण हे आकडे दुसऱ्या दिवशीच्या प्लेटशी ताडू नका. दमटपणाने आणि बरणी कितपत भरली होती त्यानेही ते सरकतात. तुलना एकाच प्लेटवर.

आमच्या पावतीवर ‘३५००’ आणि अ या दोन्हींत एक गुलाबी पट्टी होती, ती ‘१’ मध्ये नव्हती. म्हणजे ‘१’ दुसऱ्या शाईचा. ब आणि क या दोघांत जांभळ्या-निळ्या पट्ट्या त्याच जागी होत्या, फक्त क मध्ये वर एक फिका पिवळा होता. साध्या भाराच्या ‘१’ मध्ये पिवळा दिसेना, त्यामुळे तो ब शी जुळतोय असं वाटत होतं. दुप्पट गडद ठिपक्यात पिवळा आला. मग उलट शंका उरते: ब लाही दुप्पट भार दिला तर त्यातही पिवळा येईल का? ते दुसऱ्या प्लेटवर तपासलं. ब मध्ये आला नाही.

त्या दुसऱ्या प्लेटसाठी द्रावकही बदला: नॉर्मल ब्युटेनॉल ५० भाग, इथेनॉल १०, पाणी १५. हे हळू चढतं, धीर धरा. एका द्रावकात एकावर एक आलेले दोन रंग दुसऱ्यात सुटे होतात.

जांभळ्या पट्ट्यांच्या जागा जुळल्या आणि फक्त त्यांचा आपसातला गडदपणा बदलला, तर घाईने ‘वेगळी शाई’ म्हणू नका. क्रिस्टल व्हायोलेट उजेडात हळूहळू तुटतो आणि त्याचेच धाकटे जांभळे भाऊ वाढतात. खिडकीत पडून राहिलेली पावती आणि कालची रेघ यांच्यात असा फरक येणारच.

निकाल लिहिताना शब्द मोजून वापरा. ‘१’ हा अ, ब, ड यांच्या शाईचा नाही, हे ठामपणे म्हणता येतं. क बद्दल मात्र एवढंच लिहायचं: ‘दोन द्रावकांत फरक आढळला नाही’. क सारखी हजारो पेनं त्याच शाईने भरलेली असतात, आणि वेगळ्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेनांतही एकच शाई असू शकते. ‘याच पेनने लिहिलं’ हे टीएलसीवरून कुणालाही सांगता येत नाही.

खऱ्या वादातल्या कागदावर ब्लेड अजिबात चालवू नका. कापलेला आकडा परत येत नाही, आणि कागदाला धक्का न लावता अवरक्त प्रकाशात करायची तपासणी आधी व्हायला हवी. तो कागद तसाच पाकिटात घालून वकिलाकडे द्या.