प्लंबरच्या जाहिरातीत नुसतं वर्तुळ काढून भागत नाही

गुगल अ‍ॅड्समध्ये कॅम्पेन कसं बनवायचं ते तुम्हाला येतं असं धरून चालते. पुण्यात प्लंबर, वायरमन, गीझर दुरुस्तीवाल्यांच्या जाहिराती मी चालवते. सुरुवातीला ज्या एका सेटिंगने माझी झोप उडवली होती, त्याबद्दलच इथे सविस्तर लिहिते.

समजा, प्लंबर कोथरूडचा आहे. एक मदतनीस, एक दुचाकी, दिवसाचं बजेट ३०० रुपये. Advanced search मध्ये जाऊन तुम्ही Radius निवडला आणि कर्वे पुतळ्याभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आता फोन कोथरूडमधूनच येतील असं वाटतं, पण फोन येतात वाघोलीहून, चिंचवडहून, कधी चक्क मुंबईहून. कारण खाली Location options नावाची घडी मिटलेली असते आणि तिच्यात Presence or interest हा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्याचा अर्थ असा की वर्तुळातली माणसं तर जाहिरात बघतातच, शिवाय त्या भागात रस दाखवणारी बाहेरची माणसंही बघतात. मुंबईत बसून कोणी ‘कोथरूड प्लंबर’ शोधलं, तरी तो तुमच्या जाहिरातीला पात्र.

ही घडी उघडा आणि Presence निवडा. नवं कॅम्पेन केलं की दर वेळी पुन्हा तपासा. क्लिक ३० रुपयांना पडत असेल तर ३०० रुपयांत दहाच क्लिक येतात. त्यातले चार बाहेरचे निघाले तर १२० रुपये गेले, आणि प्लंबर तुम्हालाच विचारणार, ‘ताई, एवढ्या लांबचे फोन का येतायत?’ पैसे नक्की कुठे गेले हे Matched locations च्या रिपोर्टमध्ये दिसतं. पहिला आठवडा तो रोज उघडा.

पण Presence निवडल्यावरही हिंजवडीहून फोन आला तर घाबरू नका. या पर्यायात त्या भागात नेहमी असणारी माणसंही धरलेली असतात. राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, आणि घरून निरोप आला की टाकी वाहतेय: हे तर हक्काचं गिऱ्हाईक. म्हणून प्लंबरला शिकवून ठेवा की फोनवर ‘तुम्ही कुठून बोलताय’ असं न विचारता ‘गळती कुठल्या सोसायटीत आहे’ असं विचारायचं. मगच फोन कामाचा की वाया, ते ठरवा.

वर्तुळाचीही एक अडचण आहे. ते सरळ रेषेत मोजतं, रस्त्याने नाही. कर्वे पुतळ्यापासूनच्या ५ किलोमीटरमध्ये पाषाणही येतं, पण मध्ये वेताळ टेकडी आहे. दुचाकीला चांदणी चौकाकडून नाहीतर सेनापती बापट रस्त्याने वळसा घालावा लागतो. सिंहगड रस्ता नकाशावर अगदी शेजारी दिसतो, पण संध्याकाळी राजाराम पूल ओलांडून बघा! मी एक मोठं वर्तुळ कधीच काढत नाही. कर्वे पुतळ्याभोवती २ किलोमीटर आणि वारज्यात २ किलोमीटर, अशी दोन छोटी काढते. मात्र १ किलोमीटरच्या आत शिरू नका. मोबाइलचं ठिकाण तेवढं नेमकं कळत नाही आणि जाहिरात दिसेनाशी होते.

‘अख्खं पुणं टार्गेट करा, शिकायचं काम सिस्टिमवर सोडा’ असं सांगणारे क्लासवाले भेटतील. ३०० रुपयांत सिस्टिम काही शिकत नाही. त्यांची फी भरण्यापेक्षा एक दिवस प्लंबरच्या मागे दुचाकीवर बसा, कुठवर जाणं परवडतं ते समजेल.

कॉल बटणाचं थोडक्यात सांगते. बटण दाबलं की पैसे लागतात, पलीकडे फोन उचलला असो वा नसो. बेसिनखाली हात घातलेला माणूस फोन उचलणार नाही, म्हणून नंबर अशा व्यक्तीचा द्या जी उचलेल, आणि वेळापत्रकात तेवढेच तास ठेवा. कॉल कन्व्हर्जन साधारणपणे ६० सेकंदांपुढचा धरतात. ‘नळ गळतोय, या’ एवढं बोलून पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवणारे मोजणीतून सुटतात. मी ३० सेकंद ठेवते आणि आठवड्याला प्लंबरच्या वहीशी ताडून बघते. ‘नोकरी’, ‘कोर्स’, ‘आयटीआय’ हे शब्द निगेटिव्हमध्ये टाका, नाहीतर काम मागणाऱ्यांचेच फोन येतील.

पत्ता दाखवायचा असेल तर बिझनेस प्रोफाइल जोडावं लागतं. दुकान गल्लीत असेल तर जरूर जोडा, ‘जवळच आहे’ हे लोकांना दिसलं की फोन वाढतात. दुकान नसेल तर एखाद्या मित्राच्या दुकानाचा पत्ता टाकायचा सल्ला कुणीही देवो, ऐकू नका. प्रोफाइल सस्पेंड झालं तर जुने रिव्ह्यूही दिसेनासे होतात. घरूनच काम करणाऱ्याने पत्ता लपवावा, प्रोफाइलमध्ये सेवेचे भाग लिहावेत आणि जाहिरातीच्या मथळ्यात ‘कोथरूड, वारजे’ घालावं. दुकान नाही म्हणून काम अडत नाही, नळ गळणाऱ्याला माणूस किती वेळात येईल एवढंच हवं असतं.