गावच्या शाळेच्या मदतीच्या व्हिडिओला आवाज देताना

निवेदन शिकायला येणाऱ्यांना मी आधी संहिता लिहू देत नाही. शाळेकडून आलेले फोटो आणि क्लिपा क्रमाने लावायच्या आणि प्रत्येकीखाली एकच ओळ लिहायची: यात काय दिसत नाही? निवेदनाचा सगळा माल त्या ओळींतच असतो.

पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचं काम उदाहरण म्हणून घेतो. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एका खोलीचा पत्रा पार कुजलेला, त्यामुळे पावसाळाभर चारही वर्ग दुसऱ्या खोलीत. गुरुजींनी 14 फोटो, 5 क्लिपा आणि स्वतः लिहिलेलं पानभर निवेदन पाठवलं. सुरुवात ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या’ अशी होती आणि गंजलेल्या पत्र्याच्या फोटोवर वाक्य होतं, ‘येथे आपणांस छताची दुरवस्था दिसून येते.’ दिसतेच आहे की! त्या फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की या खोलीत जूनपासून एकही वर्ग भरलेला नाही. मग वाक्य झालं, ‘ही चौथीची खोली. जूनपासून इथं कुणी बसलेलं नाही.’ छताचं नावही घ्यावं लागलं नाही.

ऐकणारा कोण, हे त्यानंतर ठरवायचं. या भागातली बरीच माणसं माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबईत गेलेली. मदत येणार ती मुख्यतः मुंबईकर मंडळींकडून. त्यातले अनेकजण याच खोलीत शिकलेले. त्यांना कोयना खोऱ्यातला पाऊस समजावून सांगायची गरज नसते. त्यांच्या मनात दोन प्रश्न असतात: सरकार काय करतंय, आणि पैसे कुणाच्या हातात जाणार? या दोन्हींचं उत्तर पहिल्या मिनिटात दिलं नाही, तर पुढची हळवी वाक्यं वाया जातात. आम्ही एवढंच म्हटलं: ‘दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीकडे गेला आहे. मंजुरीला वेळ आहे, पाऊस थांबत नाही. काम शाळा व्यवस्थापन समिती करून घेईल, पैसे समितीच्याच खात्यात येतील.’ कुणावर टीका नाही, कुणाची बाजूही नाही. अर्थात असं बोलण्याआधी दुरुस्तीला वरून परवानगी आहे ना, हे मुख्याध्यापकांकडून कागद बघून खात्री करून घ्यायचं. इमारत जिल्हा परिषदेची असते, गावाची नव्हे.

आता मोजमाप. सावकाश, समजेल अशा मराठी वाचनात मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द बसतात. आमचा व्हिडिओ 2 मिनिटांचा होता, पण त्यातले 30 सेकंद निवेदनाविना सोडायचे होते. म्हणजे उरले दीड मिनिट, अंदाजे 160 शब्द. गुरुजींच्या पानात याच्या दुप्पट होते. एक फोटो 5 सेकंद राहतो, तेवढ्यात फार तर 9 शब्द. वाक्य लांबलं की ते पुढच्या फोटोवर सांडतं, आणि पोषण आहाराच्या पातेल्यावर ‘गळक्या छताखाली’ ऐकू येतं. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, मनात वाचू नका. मनातलं वाचन नेहमी वेगानं होतं.

ते 30 सेकंद का सोडले? कारण पाचपैकी दोन क्लिपांना स्वतःचा आवाज होता. एकीत घमेल्यात पडणारं पाणी, पत्र्यावर पाऊस, आणि मागे पाढे म्हणणारी मुलं. व्हिडिओ तिनंच सुरू केला, पहिले 7 सेकंद निवेदक गप्प. दुसरीत समितीतल्या एक मावशी बोलतात: ‘पाऊस लागला की चार वर्गाची पोरं एका खोलीत. बाईंनी शिकवायचं कुणाला आन् गप करायचं कुणाला?’ हे प्रमाण मराठीत फिरवून निवेदकानं पुन्हा सांगायचा मोह अनेकांना होतो. करू नका. मावशींचं वाक्य संपलं की एक श्वास जाऊ द्या आणि थेट आकड्यावर या.

आकडा हा या कामाचा कणा. खोली दुरुस्तीचा खर्च 1,30,000 रुपये, पत्रे 26. एका पत्र्यामागे 5,000. गावानं 7 पत्र्यांचे पैसे आधीच उभे केले होते, राहिले 19. ‘सढळ हस्ते मदत करा’ ऐकून माणूस मान हलवतो, ‘एक पत्रा तुमचा’ ऐकून हिशोब करतो. पण इथं एक काळजी घ्यावी लागते. पत्र्याचा बाजारभाव माहीत असलेला कुणीतरी ग्रुपवर विचारणारच, ‘पत्रा पाच हजाराला कुठं मिळतो?’ म्हणून वाक्यातच सांगितलं: ‘लोखंडी कैच्या आणि मजुरी धरून एका पत्र्यामागे पाच हजार.’ तीन-चार शब्द वाढले, पण शंकेला जागा उरली नाही. वाचायच्या कागदावर आकडे अक्षरांत लिहा, नाहीतर ऐन रेकॉर्डिंगला जीभ अडखळते.

मुलांचे चेहरे वापरण्याआधी पालकांची संमती हवी, आणि निवेदनात मुलाचं नाव, घरची परिस्थिती काहीही नको. आमच्याकडे एका मुलीचा फाटक्या दप्तराचा फोटो होता. तो मी काढायला लावला. मागणी पत्र्याची आहे, दप्तराची नाही. शिवाय ती मुलगी गावातच मोठी होणार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून शाळेसाठी द्यायची सवय या सातारा जिल्ह्याला आहे, रडवायची गरज नसते.

रेकॉर्डिंग फोनवरही चांगलं होतं. रिकाम्या वर्गात मात्र करू नका, आवाज घुमतो. गाद्या-गोधड्यांची खोली, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा धक्का बसत नाही. घुमतोय का, हे इअरफोन लावून एक टाळी वाजवली की कळतं. वाचून झाल्यावर अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. नाहीतर प्रत्येक विरामात आवाज मेल्यासारखा वाटतो.

क्यूआर कोड पडद्यावर 10 सेकंद ठेवला, पण खाते क्रमांक वाचला नाही. ऐकून कुणी तो लिहून घेत नाही. व्हिडिओ ज्या फोनवर बघतोय त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं समोरचा कोड स्कॅनही करता येत नाही, म्हणून खातं आणि यूपीआय व्हिडिओसोबतच्या मेसेजमध्ये दिलं. खात्याचं नाव तिथं दिसेल तेच निवेदनात उच्चारलं. वेगळं नाव दिसलं की पैसे पाठवणारा हात थांबतो.

‘एकोणीस पत्रे बाकी आहेत’ हे वाक्य वेगळं रेकॉर्ड करून ठेवा, आधी-नंतर मोकळी जागा सोडून. त्याच बैठकीत ‘बारा बाकी’, ‘पाच बाकी’ आणि ‘सगळे पत्रे झाले, आभार’ हेही वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तीच खोली असली तरी आवाजाचा पोत जुळत नाही, आणि आकडा तर आठवड्यात बदलतो.