जुना फोन, फुगलेली बॅटरी: या चुका टाळा

जुना फोन बहुतेक घरांत ड्रॉवरमध्येच जातो, चार्जर, तुटके हेडफोन आणि सुट्ट्या नाण्यांच्या सोबत, आणि वर्षभराने कोणीतरी काढतं तेव्हा मागचं कव्हर थोडं उचललेलं असतं. फोन डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून कडेने बघा, स्क्रीन आणि फ्रेममध्ये कुठे फट दिसतेय का किंवा कव्हरचा मधला भाग वर आलाय का. तसं असेल तर बॅटरी फुगलीय. आतलं ज्वलनशील द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, विघटन होऊन त्याचा गॅस झालाय आणि तो बॅटरीच्या पातळ पिशवीत, म्हणजे पाऊचमध्येच अडकलाय.

इथे सगळ्यात वाईट चूक म्हणजे टाचणीने भोक पाडून "हवा काढणं". व्हिडिओ बघून लोक खरंच करतात हो! आत तांब्याची आणि अॅल्युमिनियमची पातळ फॉइल गुंडाळलेली असते आणि दोघांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो, सुई त्यातून गेली की थेट शॉर्ट होतो, तिथे उष्णता वाढते, ती उष्णता पुढची रिअॅक्शन पेटवते आणि मग ते थांबवता येत नाही. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुप्फुसांना फार वाईट.

दुसरी चूक, "आतले फोटो तेवढे काढून घेऊ" म्हणून फुगलेला फोन चार्जिंगला लावणं. नका लावू. फोटो हवे असतील तर रिपेअरवाल्याकडे न्या, तो बॅटरी काढून दुसरी लावेल आणि मग डेटा निघेल. न्यायच्या आधीच फोनवर जोर पडेल असं काही नको, मागच्या खिशात तर अजिबात नको.

मिठाच्या पाण्यात बुडवून डिस्चार्ज करायचा सल्लाही खूप फिरतो. पाण्यात टर्मिनल गंजतात, हायड्रोजन निघतो, आणि टर्मिनल खाऊन गेले की आतला चार्ज तसाच अडकून राहू शकतो, म्हणजे तुम्हाला वाटतं बॅटरी मेली आणि ती मेलेली नसते. बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवण्याचंही तसंच, काही उपयोग नाही.

मग ठेवायचं कसं? फोन बंद करा, कोरड्या वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत किंवा धातूच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, उन्हापासून आणि कपडे, पडदे, गॅसपासून लांब ठेवा आणि पहिल्या संधीला देऊन टाका. सुटी बॅटरी असेल तर टर्मिनलवर चिकटपट्टी लावा, नाहीतर ड्रॉवरमधलं एखादं नाणं किंवा किल्ली शॉर्ट करायला पुरते.

घरच्या कचऱ्यात टाकणं ही तर अजून मोठी चूक, कारण कचऱ्याची गाडी सगळं दाबते आणि दाबली की वरचीच गोष्ट होते, फक्त यावेळी कागद-प्लास्टिकच्या ढिगात. भंगारवाल्याला दिलं तर तो वाईट माणूस आहे असं नाही, पण पुढे कुठेतरी फोनमधले सर्किट बोर्ड उघड्यावर जाळतात किंवा अॅसिडमध्ये टाकतात, सोनं-तांबं निघतं आणि शिसं, धूर, अॅसिड तिथल्याच लोकांच्या वाट्याला येतं. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी कचरा नियमांनी जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, म्हणून आधी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतला अधिकृत रिसायकलर बघा. फुगलेली बॅटरी आहे हे आधीच सांगा, कुरियरने पाठवू नका. आणि फोन चालत असेल, बॅटरी फुगलेली नसेल, तर देण्याआधी गूगल किंवा आयक्लाउड अकाउंटमधून बाहेर पडून मग रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा.

आता आत काय असतं ते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवाली साधारण ४००० एमएएचची बॅटरी घेतली तर ढोबळ हिशेबाने त्यात १० ते १५ ग्रॅम कोबाल्ट आणि दीड ग्रॅमच्या आसपास लिथियम निघतं. जगातला बराचसा कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो, म्हणून तो परत मिळवण्यात खरा अर्थ आहे. रिसायकलर बॅटरी डिस्चार्ज करून नियंत्रित वातावरणात तिचा चुरा करतो, तांबं-अॅल्युमिनियम वेगळं होतं आणि उरते काळी पावडर, ब्लॅक मास. ती सल्फ्युरिक अॅसिडमध्ये विरघळवून कोबाल्ट वेगळा काढतात, लिथियम सहसा शेवटी कार्बोनेट म्हणून निघतं. ग्राफाइट बऱ्याचदा वायाच जातं.

बोर्ड मात्र वेगळ्या वाटेने, तांबं वितळवणाऱ्या भट्टीत जातो. तांब्यात सोनं, चांदी, पॅलेडियम ओढले जातात आणि नंतर वेगळे काढतात. टँटलम नावाचा धातू तिथे धातुमळीत वाया जातो, आणि स्पीकरच्या चुंबकातलं निओडिमियम वेगळं काढलं नाही तर तेही जातं, म्हणजे उत्तम रिसायकलरकडे दिलेल्या फोनमधलंही सगळं काही परत येत नाही.