कारणे दाखवा नोटीस हातात पडली की

साइटवर न जाता प्रवासभत्ता उचलला, असा खोटा आरोप करणारी नोटीस आली तर ती नाकारू नका. सही करताना ‘फक्त पोच, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख घाला. मग तक्रारीची आणि बिलाची प्रत लेखी मागा. मुदत अपुरी असेल तर वाढवूनही मागा. उत्तरात मुद्द्यागणिक एवढंच: ‘12 तारखेला साइटवर होतो, गेट रजिस्टरची नोंद तपासावी.’ तक्रारदाराच्या हेतूवर एक अक्षरही नको. त्याला फोन केलात तर दबाव आणल्याचा दुसरा, खरा वाटणारा आरोप तयार होतो. चहाच्या टपरीवरही गप्प राहा. तिथला सहकारी उद्या साक्षीदार असू शकतो. मन मोकळं करायला घरचे आहेत, सल्ल्याला वकील किंवा युनियन.