केळ्याचे वेफर्स: गॅस पेटवण्याआधी मिठाचं पाणी

नवरात्राच्या उपवासाला केळ्याचे वेफर्स घरी तळायचे असतील तर पहिलं काम तळताना कढईत घालायचं मिठाचं पाणी करून ठेवणं. केळी त्यानंतर, आणि तेल तर फारच नंतर. मागल्या खेपेला नेमकं हेच राहिलं: घाणा कढईत, मी वाटीत मीठ ढवळतेय, आणि तेवढ्यात चकत्या तांबूस. म्हणून ही यादी तिथूनच सुरू करते.

अर्धी वाटी पाणी, म्हणजे साधारण 75 मिली, आणि त्यात अडीच छोटे चमचे बारीक मीठ. डझनभर केळ्यांना एवढं पुरतं. उपवासाला सैंधवच लागत असेल तर ते पूड करून घ्या, खडा विरघळायला वेळ खातो. मीठ पूर्ण विरघळू द्या, तळाशी कण राहिले तर वरचं नितळ पाणी दुसऱ्या वाटीत ओता. कण तेलात गेले की ते विरघळत नाहीत, कढईच्या बुडाशी जाऊन बसतात. वाटीशेजारी एक छोटा चमचा ठेवा, चहाचा, मोठा नको. वाटी आणि चमचा गॅसच्या उजव्या बाजूला, हात लांबवला की मिळेल अशा जागी. डावखुरे असाल तर डाव्या बाजूला. झालं? मग पुढं वाचा.

कोरडं मीठ वरून भुरभुरवलं तर काय बिघडतं, असं कुणीतरी विचारतंच. कोरड्या वेफरला कोरडं मीठ धरत नाही, डब्याच्या तळाशी साठतं आणि शेवटच्या मुठीला तोंड खारट होतं. पाण्यातलं मीठ चकतीवर पसरतं, पाणी वाफ होऊन उडून जातं, मीठ तिथंच राहतं. सगळी करामत एवढीच आहे, पण ती ठरावीक क्षणीच जमते. त्या क्षणी वाटी हाताशी नसेल तर घाणा गेला.

केळी: कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मंडईत भाजीची हिरवी केळी मिळतात. पिकवायला घातलेली नकोत. सालीला नख लावून बघा, चीक पांढरा आणि लगेच यायला हवा. कुठंही पिवळी झाक असेल तर ते केळं बाजूला, कारण पिकायला लागलं की पिठूळपणाची साखर होते आणि चकती कुरकुरीत व्हायच्या आधीच करपट रंग धरते. कोकणातून आलेली राजेळी दिसली तर ती घ्या, वेफर दाट आणि खमंग होतो. नाही मिळाली तर साधी हिरवी चालतील, फक्त वेफर जरा फिकट दिसेल. आणली त्याच दिवशी तळा.

हाताला तेल लावून सोला, नाहीतर चिकाचे काळे डाग आठवडाभर मिरवाल. सोललेली केळी दीड लिटर पाण्यात एक छोटा चमचा हळद घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. चीक सुटतो, रंग येतो. उपवासाला हळद न चालणाऱ्या घरात त्याऐवजी पाण्यात थोडं ताक घाला. हळद मिठाच्या पाण्यात घालू नका, ती विरघळत नाही, खाली बसते, आणि एका घाण्याला पिवळा धमक तर दुसऱ्याला पांढरा रंग येतो. पाण्यातून काढल्यावर केळी सुती कापडाने पुसून कोरडी करा. खरंच कोरडी. ओलं केळं तेलात गेलं की तेल उडतं, आणि त्याचा फटका हाताला बसतो.

आता जाडी, इथं जरा थांबा. वेफर्सच्या किसणीवर एक केळं किसा, दहा चकत्या एकावर एक रचा आणि शाळेच्या पट्टीने उंची मोजा. एक ते दीड सेंटीमीटर भरली पाहिजे, म्हणजे एक चकती एक ते दीड मिलीमीटर. एकापेक्षा खाली गेलात तर चकती इतक्या पटकन तळते की मीठ घालायला वेळच उरत नाही, पाणी उडेपर्यंत ती तपकिरी होते. दोनच्या वर गेलात तर बाहेरून कडक, मधे ओलसर, आणि संध्याकाळपर्यंत चामट. या दोन्हीपेक्षा वाईट म्हणजे एकाच घाण्यात दोन्ही प्रकार. पातळ जळतात, जाड कच्च्या राहतात, आणि मीठ कोणाच्या हिशेबाने घालायचं हेच कळत नाही. किसणीचं पातं बोथट असेल तर जाडी एकसारखी येत नाही, कितीही जोर लावा. तेव्हा पातं आधी तपासा, मिठाच्या पाण्यासारखंच.

आणि डझनभर केळी एकदम किसून ठेवू नका. परातीत चकत्या एकमेकींना चिकटतात आणि काळ्या पडतात. एका घाण्याला एक केळं, कढई मोठी असेल तर दीड. सरावाचे लोक किसणी तेलावर धरून थेट कढईत किसतात. वाफ बोटांवर येते, तेव्हा तो सराव नसेल तर ताटात किसून लगेच सुटी सुटी करून सोडा. यात लाजायचं काही नाही.

तेल शेंगतेल. केरळात खोबरेल वापरतात, त्याला वेगळाच वास येतो, ज्याला आवडतो त्याला आवडतो. कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. लिटरभर तेल बास. हा नियम मिठाच्या पाण्यामुळे आहे. पाण्याची वाफ झाली की ती सतराशेपट जागा मागते, काठापर्यंत भरलेली कढई त्या क्षणी बाहेर येते, आणि खाली जाळ असतो.

तेलाचं तापमान 175 ते 180 अंश. थर्मामीटर नसेल तर एक चकती टाकून बघा. ती खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसकट वर आली की बरोबर. खालीच बसून राहिली तर तेल गार आहे, वेफर तेलकट होईल. टाकताच कडा लाल झाल्या तर जास्त तापलं, गॅस बारीक करून थांबा. धूर दिसला तर पुढं जाऊच नका, बंद करा. चकत्या पडल्या की तेल बरंच गार होतं, म्हणून त्या वेळी जाळ मोठा ठेवा, आणि बुडबुडे ओसरायला लागले की मध्यम.

मिठाचं पाणी हाताशी आहे ना? पुन्हा बघा.

घाण्याला साधारण तीन-चार मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कानावर भिस्त ठेवा. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि खूप आवाज असतो, ते केळ्यातलं पाणी बाहेर पडणं. चकत्या सुट्या करायला झाऱ्याने हलकेच हलवा. मग बुडबुडे बारीक होतात, आवाज बसत जातो, आणि झाऱ्यावर घेतलेल्या चकत्या एकमेकींवर आपटून खुळखुळतात. मऊ टपटप नाही, कोरडा खुळखुळाट. रंग अजून फिकट पिवळाच असतो. हाच तो क्षण. तांबूस व्हायची वाट बघाल तर उशीर झालेला असतो.

गॅस मध्यम, तोंड मागं, पोरं स्वयंपाकघराबाहेर. एक छोटा चमचा पाणी, चकत्यांच्या थरावर पसरून. मोकळ्या तेलात ओतू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं आणि तिथून वाफ होऊन तेल उडवतं. चर्र असा मोठा आवाज होईल, फेस वर येईल. घाबरून दुसरा चमचा घालू नका, आणि घाबरून घाणाही काढू नका.

आवाज पूर्ण बसेपर्यंत थांबा. अर्धं मिनिट, कधी पाऊण. हा दुसरा आवाज म्हणजे तुम्ही घातलेलं पाणी उडतंय. तो चालू असताना काढलेले वेफर्स ताटात छान दिसतात आणि दुसऱ्या दिवशी दाताखाली वाकतात. शेजारच्या काकूंचं म्हणणं, "कढई गप्प झाल्याशिवाय झारा लावू नये," आणि या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एकच चमचा का, तर हिशेब असा. पाच मिली पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते ती लिटरभर तेलातून काढली तर तेल सहा-सात अंशांनी उतरतं. गॅस चालू असल्याने ते भरून निघतं. तीन चमचे घातले तर वीस अंश, आणि ते लगेच भरून निघत नाहीत. वेफर तेल पितो. म्हणूनच पाणी कमी आणि मीठ जास्त, असं दाट करायचं. अळणी लागलं तर पुढच्या घाण्याला वाटीत चिमूट मीठ वाढवा, चमचे वाढवू नका. खारट लागलं तर पाऊण चमचाच घाला. पहिला घाणा चाखायचाच असतो, उपवास असेल तर घरातल्या बिनउपवासाच्या माणसाला द्या.

पाणी लवकर घातलं तर काय? चकतीत अजून तिचंच पाणी असतं, त्यात हे वाढतं, तेल गार होतं, चकत्या मऊ पडून चिकटतात आणि नंतर कितीही तळल्या तरी कडक होतात, कुरकुरीत होत नाहीत. उशिरा घातलं तर पाणी उडेपर्यंत करपतात. दोन्हीला उपाय नाही. लवकर घालायचा मोह वाटी हाताशी असल्यावर होतो, उशीर वाटी नसल्यावर. पहिल्याला कान आवरतो. दुसऱ्याला आधी करून ठेवलेलं पाणी, बाकी काही नाही.

पुढचा घाणा सोडण्याआधी तेल पुन्हा तापू द्या, आधीची चकतीची परीक्षा परत. चुरा झाऱ्याने काढत जा, तोच जळून तेल काळं करतो.

काढलेले वेफर्स चाळणीत उभे निथळा, कागदावर ढीग करू नका, खालचे वाफेने मऊ होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. डबा कोरडा, झाकण घट्ट. आश्विनात पाऊस रेंगाळला असेल तर ताट तासभरही उघडं ठेवू नका. डझनाचे अर्धा किलोच्या आसपास होतात.

तेल गार करून गाळा, बुडाचा मिठाचा गाळ टाकून द्या, राहिलेलं दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा. त्या भाजीत मीठ चाखून घाला.