फोटोतला डाग टाइलचा की कॅमेऱ्याचा? माल पारखताना या चुका टाळा

टाइल किंवा नळ प्रत्यक्ष न बघता फोटोवरून पसंत करणं, किंवा साइटवर उतरलेल्या मालाची तक्रार फोटो पाठवून करणं, हे आता रोजचंच झालंय. तक्रार खरी आहे की नाही, यावर मग दोन्ही बाजूंनी तासन् तास वाद चालतो. बहुतेक वेळा भांडण मालाचं नसतंच. एकाच्या फोटोत दिसलेली गोष्ट दुसऱ्याच्या फोटोत दिसत नाही, एवढाच मामला असतो. त्यामुळे कुठलाही दोष ठरवण्याआधी तो मालात आहे, उजेडात आहे की फोनमध्ये आहे, हे वेगळं काढावं लागतं. त्याला फारसं काही लागत नाही. फोटो दोनदा काढायची तयारी हवी.

खोक्याची चुकीची बाजू बघणं

खोक्याच्या दर्शनी बाजूवर कंपनीचं नाव आणि डिझाइनचं चित्र असतं. फोटो नेमका त्याच बाजूचा येतो, आणि त्यातून कामाचं जवळपास काहीच कळत नाही. कामाची बाजू म्हणजे अरुंद कड. तिथे शेड, बॅच, कॅलिबर आणि दर्जा छापलेला असतो. कॅलिबर म्हणजे भट्टीतून निघाल्यावर टाइलचं जे खरं माप भरलं, त्याचा गट. साधारण ६०० × ६०० अशा मापाशेजारी डब्ल्यू अक्षर आणि ५९७ × ५९७ असं दुसरं माप दिसलं, तर ते कामाचं माप. सांध्याचा हिशोब त्यावर करायचा. दोन खोक्यांची शेड एक असूनही कॅलिबर वेगळं निघालं, तर सांधे एका रेषेत येणार नाहीत, मग लावणारा कितीही कसबी असो.

इथे लोक आणखी एका गोष्टीला फसतात. खोक्यावरचं मुख्य छापकाम नीट असतं, पण शेड आणि बॅचचे आकडे ठिपक्या-ठिपक्यांचे, थोडे तिरके, कधी अर्धवट उमटलेले असतात. ते बघून खोकं नकली आहे असा निष्कर्ष निघतो. खरं तर खोकी आधीच छापून आलेली असतात, आणि हे आकडे भरलेलं खोकं पुढे सरकत असताना शाईच्या फवाऱ्याने मारले जातात. ठिपके दिसणारच. शंका घ्यायची ती आकडे खोडून वर दुसरे मारलेले असतील तर, किंवा त्या जागेवर चिकटपट्टी असेल तर. आणि एका खोक्याचा फोटो पुरत नाही. सगळी खोकी कड पुढे करून रचायची आणि सगळ्या कडा एका फोटोत घ्यायच्या.

दोन फोटो शेजारी ठेवून शेड जुळवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फोन प्रत्येक फोटोला पांढरा रंग कोणता धरायचा हे स्वतः ठरवतो. बाजूला लाकडी दार आलं की टाइल निळसर दिसते, आकाश आलं की पिवळसर. त्यामुळे आधीच्या लॉटचा फोटो आणि नव्या लॉटचा फोटो यांची तुलना करणं म्हणजे टाइलची नव्हे, फोनच्या दोन निर्णयांची तुलना झाली. दोन्ही लॉटच्या टाइल एकाच चौकटीत, एकमेकींना चिकटवून ठेवल्या असतील तरच त्या फोटोला अर्थ आहे.

तरीही एक पळवाट उरते. उजेड एका बाजूने येत असेल तर खिडकीजवळची टाइल उजळ दिसणारच, शिवाय फोटोच्या कडा मध्यापेक्षा किंचित काळवंडतात. म्हणून पहिला फोटो काढल्यावर टाइलची अदलाबदल करायची, फोन जागचा हलवायचा नाही आणि दुसरा फोटो काढायचा. काळसरपणा टाइलबरोबर दुसऱ्या जागी गेला तर शेड खरंच वेगळी आहे. तो जिथल्या तिथे राहिला तर दोष उजेडाचा. फोटोवरून शेडचा वाद मिटवायचा याहून साधा मार्ग नाही.

पट्टे दिसले की लगेच छपाईला दोष देणं

हे एका उदाहरणाने बघू. समजा, चार चकचकीत राखाडी टाइल जमिनीवर मांडून फोटो पाठवलाय आणि चारही टाइलवरून रुंद गडद पट्टे गेलेले दिसतायत. ग्राहक म्हणतो छपाई बिघडलीय, विक्रेता म्हणतो कॅमेरा बिघडलाय.

बरेच एलईडी दिवे वीजप्रवाहाबरोबर सेकंदाला शंभर किंवा एकशेवीस वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोन चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही काळपट येतात. या पट्ट्यांची खूण म्हणजे ते रुंद असतात, त्यांच्या कडा विरघळलेल्या असतात, आणि एका टाइलवरून दुसरीवर सांधा ओलांडून सरळ जातात. उभा फोन आडवा केला की पट्टेही फोनबरोबर फिरतात. दिवे बंद करून दिवसाच्या उजेडात फोटो काढला की ते नाहीसे होतात.

आता याच उदाहरणात दिवसाचा फोटो आला. रुंद पट्टे गेले, पण चारपैकी दोन टाइलवर केसासारखी बारीक फिकट रेष राहिली. दोन्हींवर ती एकाच कडेपासून सारख्याच अंतरावर आहे, आणि टाइलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे. हे मात्र छपाईचं काम. डिजिटल छपाईत टाइल शाईच्या बारीक छिद्रांखालून पुढे सरकते. एखादं छिद्र तुंबलं की त्या जागी शाईच पडत नाही, आणि छिद्र साफ होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक टाइलवर तीच रेष उमटते. म्हणजे दोघंही अर्धे बरोबर होते. पुढचं पाऊल खोक्याच्या कडेकडे नेतं. या दोन टाइल ज्या खोक्यातल्या आहेत त्याच्यावर तारीख किंवा वेळ मारलेली असेल, तर तिच्या आसपासची खोकी आधी उघडायची. सगळा माल परत करण्याची गरज बहुधा नसते.

झूम करून दोष शोधणं

ग्लेझवर, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थरावर, एखादं सुईच्या टोकाएवढं छिद्र नसलेली टाइल, पुरेसं झूम केलं तर, जगात सापडायची नाही. टाइलचा पृष्ठभाग तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, आयएसओ १०५४५ च्या दुसऱ्या भागात, किमान एक चौरस मीटर टाइल मांडून एक मीटर अंतरावरून, ३०० लक्स उजेडात साध्या डोळ्यांनी बघायचं असं सांगितलंय. आणि पहिल्या दर्जाचा अर्थ शंभर टक्के निर्दोष असा नाही. किमान ९५ टक्के टाइल नजरेत भरणाऱ्या दोषापासून मुक्त असल्या की दर्जा पहिलाच. त्यामुळे तक्रारीचा मुख्य फोटो मीटरभर अंतरावरचाच हवा. जवळचा फोटो जोडायला हरकत नाही, पण त्यात मोजपट्टी ठेवा, नाहीतर टाचणीएवढं छिद्र विहिरीएवढं दिसतं.

ग्लेझची सपाटी मात्र समोरून घेतलेल्या फोटोत दिसतच नाही. चकचकीत टाइलमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडेल असा कोन धरा आणि प्रतिबिंबाच्या कडा बघा. त्या सरळ असतील तर ग्लेझ एकसारखा बसलाय, संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत दिसल्या तर नाही.

पाठीवरच्या पांढऱ्या भुकटीला घाबरणं

टाइलच्या पाठीवर, विशेषतः उंचवट्यांवर, पांढरा थर दिसतो. ती बुरशीही नव्हे आणि क्षारही नव्हेत. भट्टीतल्या रुळांना टाइल चिकटू नये म्हणून लावलेला तो लेप असतो. टाइल बसवण्यापूर्वी तो कोरड्या ब्रशने झटकावा, कारण भुकटी जाड असेल तर चिकटवणारा मसाला पाठीला नीट धरत नाही.

पाठीचा लाल किंवा पांढरा रंगही दर्जा सांगत नाही. टाइलचा प्रकार ठरतो तो पाणी शोषण्याच्या गटावरून, आणि तो गट खोक्यावर लिहिलेला असतो. अर्धा टक्का किंवा त्याहून कमी शोषण असलेली टाइल वेगळी आणि दहा टक्क्यांच्या वर शोषणारी भिंतीची टाइल वेगळी. फोटोतून हे ओळखता येत नाही. पाठीवरचं नाव किंवा खूण उथळ उठावाची असते. फ्लॅश मारला की ती पुसून गेल्यासारखी वाटते, टॉर्च एका बाजूने जमिनीलगत धरला की वाचता येते.

नळाच्या क्रोमऐवजी खोलीचा फोटो काढणं

क्रोम म्हणजे आरसाच. फोटोत दिसतात ती भिंत, खिडकी आणि फोन धरलेला हात. काळ्या रेघांना ओरखडे आणि पिवळ्या झाकेला गंज म्हणणारे फोटो अशानेच तयार होतात. आधी नळावरची संरक्षक फिल्म काढा, हे सांगायला नको, पण धुरकट चकाकीच्या तक्रारीमागे कितीतरी वेळा तीच असते. नळ कोरड्या कापडाने पुसा. मग पांढऱ्या कागदावर बोटभर अंतराने जाड काळ्या रेघा ओढा आणि तो कागद नळासमोर धरून त्याचं प्रतिबिंब टिपा. रेघा गोलाईवर वळतील, पण त्यांचं वळण सलग हवं. मध्येच थरथरल्या किंवा तुटल्या, तर मुलामा चढवण्याआधीचं पॉलिशच कच्चं राहिलंय. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, तो खालचा खाचखळगा झाकत नाही.

पिवळसरपणा तपासायला कोरा कागद पुरतो. क्रोमची झाक थंड, निळसर असते; त्याखालच्या निकेलची ऊबदार, पिवळसर. विजेच्या मुलाम्यात खोलगट जागी क्रोम कमी पोचतो, त्यामुळे नळाच्या मानेखाली, दांड्याच्या मागे आणि बूड जिथे अंगाला मिळतं तिथे बघा. कागदाची जागा बदलल्यावर पिवळा भाग सरकला तर ते प्रतिबिंब. तिथेच राहिला तर निकेल उघडं आहे. धारदार कडांवर दुधाळ करडेपणा दिसला तर उलटं झालंय: तिथे विजेचा प्रवाह जास्त गेल्याने मुलामा करपलाय.

एवढं सगळं ठीक दिसलं तरी निकेलचा थर किती जाड आहे, म्हणजे नळ किती वर्षं टिकेल, हे फोटो सांगणार नाही.

बुडावरची खूण चुकीची वाचणं

नळाच्या बुडाशी किंवा मागे रोमन एक आणि त्याला लागून एखादं अक्षर दिसलं की लोक त्याला पहिला दर्जा समजतात. ईएन ८१७ या युरोपीय मानकानुसार केलेल्या मिक्सरवर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळावर, रोमन आकडा आवाजाचा गट दाखवतो आणि अक्षर पाण्याच्या प्रवाहाचा वर्ग. दर्जाशी त्याचा संबंध नाही. अक्षरं उलटी दिसली तर नकली म्हणण्याआधी फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय का ते विचारा.

धातू ओळखायला बुडाखालची, मुलामा न चढलेली आट्यांची जागा बघतात. पितळ पिवळं, जस्ताचं मिश्रधातू करडं. पण रंगाचा निवाडा इथेही एकट्या फोटोवर होत नाही, म्हणून शेजारी एखादी पितळी किल्ली ठेवून एकाच चौकटीत दोन्ही घ्या. आटेही मुलाम्याखाली झाकलेले असतील, तर नळ काट्यावर ठेवलेला फोटो मागवा आणि त्याच मॉडेलच्या छापील वजनाशी ताडून बघा.